उजव्या गालाचे साठ फोटो

घरच्या लघुपटात मला जुळ्या भावांचा डबल रोल करायचा होता. दुसऱ्या भावाच्या जागी मित्र उभा राहणार आणि त्याच्या चेहऱ्यावर संगणकाने माझा चेहरा बसवायचा, असा बेत होता. शिकण्यासाठी मॉडेलला दोघांचेही चेहरे लागतात. म्हणून मित्राशी आधी कागदावर ठरवलं: चेहरा कुठे वापरणार, किती दिवस ठेवणार आणि तो नको म्हणाला तर काय काय पुसणार.

मग माझ्या चेहऱ्याचं दहा मिनिटं चित्रण केलं. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे १५,००० चित्रं. पण लागोपाठच्या फ्रेम जवळपास सारख्याच असतात, त्यातून मॉडेल नवं काही शिकत नाही. म्हणून सेकंदाला दोनच काढल्या:

```
ffmpeg -i chehra.mp4 -vf fps=2 frames/%05d.png
```

अशा १,२०० फ्रेम मिळाल्या. चेहरे शोधणाऱ्या प्रोग्रामने ते कापून एकसारख्या चौकटीत बसवले. चाळायला बसलो तर भिंतीवरच्या तसबिरीतले आजोबा आणि मागून चहा घेऊन गेलेली वहिनी हेही त्याने इमानेइतबारे कापून ठेवलेले! ते आधी पुसले. परका चेहरा मिसळला की मॉडेल बिघडतं, शिवाय वहिनीला कुणी विचारलंही नव्हतं. तोंडावर हात आलेले आणि चौकटीत वाकडे बसलेले चेहरेही गेले.

पुढे मात्र घाई नडली. उरलेले चेहरे पुसटपणाच्या क्रमाने लावले आणि तळाचे दोनशे एका फटक्यात उडवले. निकाल आला तेव्हा समोरून चेहरा झकास, पण मान उजवीकडे वळली की गाल मेणासारखा वितळायचा. मान वळताना फ्रेम हलते, त्यामुळे पुसट म्हणून गेलेल्यांत वळलेले चेहरेच जास्त होते. जी बाजू मॉडेलने पाहिलीच नाही, ती ते अंदाजाने रंगवतं.

उडवलेले परत आणले आणि या वेळी आधी कोनाप्रमाणे ढीग केले. समोरून ५८०, डावीकडून २१०, उजवीकडून जेमतेम ६०. आता पुसटपणा प्रत्येक ढिगात वेगळा तपासला. समोरचे एकसारखे वगळून २५० ठेवले. उजवी बाजू मात्र पुन्हा चित्रित केली: मान थांबवत थांबवत, एकदा खिडकीच्या उजेडात, एकदा दिव्याखाली, बोलताना, हसताना, डोळे मिटून. व्हॉट्सॲपवरून आलेले जुने फोटो टाळले, कारण दाबून लहान केलेल्या चित्रात त्वचेचा पोत उरत नाही.

लघुपटाच्या सुरुवातीलाच चेहरा बदलल्याची पाटी टाकली. काम संपल्यावर मित्राचे फोटो पुसले, तर तो म्हणाला, “आणि मॉडेल?” बरोबर होतं त्याचं. फोटो गेले तरी शिकलेल्या फाइलमध्ये त्याचा चेहरा उरतोच. तीही पुसली.