पीळ कुठे धावतो

देवासाठी वाती वळणाऱ्या बाईचे हात नीट पाहिले, तर सूतकताईतली तिन्ही कामं तिथेच दिसतात. ती आधी कापसाचा पुंजका बोटांनी मोकळा करते, सरकीचा राहिलेला तुकडा वेचून टाकते. मग तो हलकेच ओढून लांबवते. शेवटी दोन्ही तळव्यांत धरून वळते. पिंजणं, ताणणं आणि पीळ देणं. चरखा असो की हजार चात्यांचं यंत्र, याच्या पलीकडे चौथं काम नाही. फरक आहे तो ही कामं कोणत्या क्रमाने आणि एकमेकांच्या किती जवळ होतात यात. सारी गोम तिथेच आहे.

कपाशीचा एक तंतू जेमतेम इंचभर, साधारण 28 मिलिमीटरचा. पण सूत तर मैलभरही निघतं. मग एका तंतूनंतर दुसरा जोडतो कोण? कोणीच नाही. तंतू फक्त शेजारी शेजारी पडलेले असतात आणि पिळामुळे एकमेकांवर घट्ट दाबले जातात. त्या दाबातून जे घर्षण येतं, तेवढ्यावर सगळं सूत उभं असतं. खात्री करायची तर सुती कापडाच्या कडेतून निघालेल्या एकेरी सुताचा बोटभर भाग घेऊन पीळ उलटा फिरवा आणि मग ओढा. सूत तटकन तुटणार नाही, लोण्यातून सुरी निघावी तसं निसटेल. तंतू तुटला नाही, त्यांनी एकमेकांना फक्त सोडून दिलं.

आपण वीस नंबरचं सूत धरून चालू. चादरीला किंवा जाडसर खादीला चालेल असं. या सुताचं एक ग्रॅम वजन म्हणजे जवळजवळ 34 मीटर लांबी. ते आडवं कापलं तर कापात सुमारे 190 तंतू दिसतील. आणि ते टिकायला दर इंचाला 18 च्या आसपास पीळ लागतात. पीळ कमी पडला तर सूत चातीवर गुंडाळताना सुटून येतं. जास्त झाला तर सैल सोडताच स्वतःभोवती वेटोळं घालतं, त्याच्या आकड्या पडतात. कातणारा माणूस मोजत बसत नाही. सूत थोडं ढिलं सोडून बघतो, आकडी पडली की त्याला कळतं.

आता पिंजणं. रुईच्या गाठीतला कापूस दाबून दगडासारखा झालेला असतो, त्यातले तंतू वाटेल तसे गुंतलेले. पिंजारी आपल्या धनुष्यासारख्या पिंजणीची तात कापसात धरून तिच्यावर लाकडाने ठोके मारायचा, तात थरथरायची आणि गुठळी फुटून कापूस ढगासारखा वर उडायचा. तात तंतूंना सुटं करते, पण सरळ करत नाही. त्या पिंजलेल्या कापसाचा पातळ थर काडीभोवती गुंडाळून काडी काढून घेतली की झाला पेळू, वीतभर लांबीची मऊ पोकळ नळी.

गिरणीतलं कार्डिंगचं यंत्र हेच काम तारांच्या दातांनी करतं. मोठ्या पिंपाएवढ्या सिलिंडरवर बारीक दात, आणि त्याच्यावर छपरासारख्या दातेरी पट्ट्या. दोघांमधली फट सुमारे पाव मिलिमीटरची. सिलिंडर मिनिटाला काही शे फेरे घेत फिरतो, पट्ट्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. मधे सापडलेला तंतू एका बाजूने धरला जातो आणि दुसऱ्या बाजूने विंचरला जातो. पुढे निघते ती नववधूच्या शेल्यासारखी पातळ जाळी, तिची गोळा होऊन दोरी बनते. तिलाही मराठीत पेळूच म्हणतात. हा पेळू मीटरला पाच ग्रॅम भरतो, आणि त्याच्या कापात तीस हजारांवर तंतू असतात. तीस हजारांचे 190 करायचे, म्हणजे साधारण 170 पट ताणायचं. इथून चरख्याची आणि गिरणीची वाट वेगळी होते.

माझ्याकडे आजोबांची पेटीचरखा आहे. 1930 च्या सुमारास येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी जो घडीचा चरखा सुधारून घेतला, त्याच घराण्यातली. दोन चाकं, मोठ्यावरून माळ लहानावर, लहानावरून चातीवर. हातातलं चाक एकदा फिरलं की चाती शंभराच्या आसपास फेरे घेते. उजव्या हाताने चाक, डाव्या चिमटीत पेळू. चातीच्या टोकाशी सूत तिरपं धरलं की चातीच्या प्रत्येक फेऱ्याला ते टोकावरून घसरतं आणि सुतात एक पीळ पडतो. हात मागे नेत दोन फूट सूत काढलं, तर त्याला सव्वाचारशेच्या वर पीळ हवेत, म्हणजे चाकाचे चार-साडेचार फेरे. मग सूत चातीशी काटकोनात धरून गुंडाळायचं, आणि पुन्हा तिरपं.

पहिले आठ दिवस माझं सूत म्हणजे सापाने उंदीर गिळावा तसं होतं. मधेच फुगवटा, मधेच केसासारखं बारीक, आणि बारीक जागीच तुटायचं. मी फुगवटा दिसला की थांबून बोटांनी उलगडायला जायचो. शेजारच्या काकू, लहानपणी आश्रमशाळेत कातलेल्या, एकदा बघून म्हणाल्या, ‘अरे, थांबू नकोस. हात मागे ने, तो आपोआप जाईल.’ आणि खरोखरच गेला.

तो का गेला, हे कळलं तेव्हा मला सगळी कताई कळल्यासारखं वाटलं. पीळ सुतात सारखा पसरत नाही. पिळायला बारीक जागा सोपी, जाड जागा अवघड, म्हणून पीळ आधी बारीक जागी धावतो. तिथले तंतू घट्ट बसतात आणि ती जागा ताणली जात नाही. जाड जागी पीळ कमी पोचतो, तिथले तंतू अजून सैल असतात, म्हणून हात मागे गेला की तीच जागा लांबते आणि बारीक होते. ती पुरेशी बारीक झाली की पीळ तिच्यातही शिरतो आणि तिलाही कुलूप लागतं. चरख्यावर ताणणं आणि पीळ देणं एकाच वेळी चालतं, म्हणून सूत स्वतःला दुरुस्त करत येतं. मात्र घाई करून पीळ आधीच भरला, तर फुगवट्यालाही कुलूप लागतं आणि मग काकूंचा उपाय चालत नाही. माझं पहिल्या आठ दिवसांत हेच होत होतं, चाक फार आणि हात कमी.

गिरणीने ही दोन कामं तोडून वेगळी केली. 1769 मध्ये आर्कराइटने रुळांच्या कताईयंत्राचं पेटंट घेतलं, त्याची कल्पना अशी: रुळांच्या एकामागे एक जोड्या, पुढची जोडी मागच्यापेक्षा वेगाने फिरते, आणि मधला कापूस त्या वेगाच्या फरकाएवढा ताणला जातो. पीळ नंतर, रुळांतून बाहेर पडल्यावर. यात हाताची गरज संपली, पण ती दुरुस्तीही संपली. रुळांमध्ये जाड जागा जाड म्हणूनच ताणली जाते. शिवाय रुळांमधल्या अंतरापेक्षा आखूड तंतू ना मागच्या जोडीच्या ताब्यात, ना पुढच्या. ते गर्दीत सापडलेल्या पोरासारखे शेजाऱ्यांच्या धक्क्याने झुंडीने पुढे जातात आणि सुतात जाड-बारीक लाटा उठतात.

यावर गिरणीचं उत्तर हाताच्या कौशल्याचं नाही, सरासरीचं आहे. ड्रॉइंगच्या यंत्रात आठ पेळू एकत्र घालतात आणि आठ पट ताणतात. निघणारा पेळू पुन्हा आधीएवढाच जाड. वरवर पाहता वेळ वाया घालवल्यासारखं वाटतं, पण एकाची जाड जागा दुसऱ्याच्या बारीक जागेवर पडते आणि चुका एकमेकींत विरतात. बहुतेक ठिकाणी हे दोनदा करतात. मग स्पीड फ्रेमवर सुमारे सात पट ताणून, तुटू नये इतपतच हलका पीळ देतात, आणि शेवटी रिंग फ्रेमवर चोवीस-पंचवीस पट. सात गुणिले चोवीस केलं की आपले 170 जवळजवळ पुरे होतात.

रिंग फ्रेममध्ये चरख्याचं आणखी एक अडलेलं काम सुटतं. चरख्यावर गुंडाळताना कातणं थांबतं. इथे चातीभोवती पोलादी कडं असतं आणि त्यावर नखाच्या चंद्रकोरीएवढी तारेची चिमटी. सूत तिच्यातून जातं आणि तिला ओढत फिरवतं. चिमटीचा एक फेरा म्हणजे एक पीळ. चिमटी चातीच्या किंचित मागे पडते, त्या फरकाएवढं सूत बॉबिनवर चढतं. पीळ आणि गुंडाळणं एकदम. नागपूरच्या एम्प्रेस मिलने 1880 च्या दशकात, इंग्लंडमधल्या कारखानदारांनाही जेव्हा या यंत्राचा पुरता भरवसा नव्हता तेव्हा, ते लावून पाहिलं होतं. याची मर्यादाही त्या चिमटीतच आहे. मिनिटाला 16,000 फेऱ्यांनी चाती फिरली, तर 38 मिलिमीटरच्या कड्यावर चिमटी ताशी 110 किलोमीटरच्या वर धावते, तेही कोरड्या लोखंडावर. आणखी वेगाने ती तापून झिजते आणि सूत तुटतं.

आता हिशेब करू. 16,000 फेरे, इंचाला 18 पीळ, म्हणजे मिनिटाला साडेबावीस मीटर सूत, ताशी साडेतेराशे. पेटीचरख्यावर सरावलेला माणूस ताशी तीन-चारशे मीटर कातू शकतो. म्हणजे गिरणीची एक चाती माणसापेक्षा फक्त तीन-चार पट पुढे आहे! आकडा लहान वाटेल, पण गोष्ट अशी की एका रिंग फ्रेमवर हजाराच्या वर चात्या असतात आणि एक कामगार एकाहून जास्त फ्रेम सांभाळतो, कारण त्याला कातायचं नसतं, तुटलेलं सांधायचं असतं. 1929 मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्याला एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अट होती आठ तासांत 12 ते 20 नंबरचं 16,000 फूट सूत, आणि यंत्राची किंमत दीडशे रुपयांच्या आत. हे सूत आजच्या गिरणीतल्या एका चातीच्या निम्म्याहूनही कमी. तरीही ते बक्षीस कोणाला मिळालं नाही.

एका सूतगिरणीत स्पिनिंग मास्टरांनी मला काळ्या पुठ्ठ्यावर गुंडाळलेलं सूत दाखवलं. काळ्यावर पांढरी लाट स्पष्ट दिसत होती. त्यांनी पट्टी लावली: दर साडेनऊ सेंटीमीटरला एक फुगवटा. ‘रबराचा वरचा रूळ,’ ते म्हणाले, ‘साडेआठ असता तर खालचा लोखंडी.’ तीस मिलिमीटर व्यासाचा रूळ एका फेऱ्यात तेवढंच सूत सोडतो, म्हणून एका जागी झिजला की प्रत्येक फेऱ्याला तीच खूण उमटते. वरचा रूळ दोन चात्यांना सामाईक असतो. शेजारच्या चातीवर तोच दोष होता. पाच मिनिटांत रूळ बदलला.

मी माझं सूत त्याच पुठ्ठ्यावर गुंडाळून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पट्टी पुढे-मागे सरकवली, मग ती खिशात ठेवली.