अप्रेझलची सूचना आणि तारखांचा मेळ

मार्चअखेरची धावपळ ओसरली की कंपन्यांमधून अप्रेझलच्या सूचना निघतात. सूचनेत तीन गोष्टी असतात: कोणाची चर्चा कधी याची यादी, तयारीचा फॉर्म आणि वेळ अदलाबदल करण्याचे नियम. बहुतेक ठिकाणी या तीन गोष्टी तीन वेगळी माणसं तीन वेगळ्या दिवशी लिहितात, आणि नेमकं तिथेच बिनसतं. या तिन्हींमधल्या तारखा एकमेकींत गुंतलेल्या आहेत, हे कोणी तपासत नाही.

एक विभाग डोळ्यासमोर आणू. पाच दिवसांच्या आठवड्याचं ऑफिस, लेखा विभाग, बारा माणसं आणि एक विभागप्रमुख. चर्चा सोमवार ५ मे ते गुरुवार ८ मे, रोज तीन: साडेदहा, बारा आणि दुपारी तीन. प्रत्येकी ४५ मिनिटं. रोज सहा चर्चा लावून दोन दिवसांत काम उरकणारे विभागप्रमुख असतात, पण पाचव्या माणसासमोर बसताना त्यांना तिसऱ्याचं बोलणं आठवत नसतं. दोन चर्चांमध्ये निदान अर्धा तास हवा, तो विसाव्यासाठी नव्हे तर टिपण लिहून काढण्यासाठी. शुक्रवारी ९ मे रोजी दोन वेळा मोकळ्या ठेवायच्या. त्या कशासाठी, ते पुढे येईल.

यादीचा क्रम कसा लावायचा? हुद्द्याने लावला तर सर्वांत कनिष्ठ माणूस दरवर्षी शेवटी येतो, आडनावाने लावला तर ठरावीक माणसं. चिठ्ठ्या टाकणं सर्वांत बरं. मात्र चिठ्ठ्यांआधी एकेकाला विचारावं की तुमच्या कामाची अडचणीची तारीख कोणती. लेखा विभागात हे फार महत्त्वाचं आहे, कारण एप्रिलमध्ये कापलेला टीडीएस ७ मेपर्यंत सरकारजमा करायचा असतो. मनुष्यबळ विभागात बसून यादी करणाऱ्याला हे माहीत असेलच असं नाही. त्यामुळे टीडीएस बघणाऱ्या बाईंच्या वाट्याला हमखास बुधवार ७ मे, बारा वाजताची वेळ येते.

आता फॉर्म. नियम साधा असतो: चर्चेच्या दोन कामाचे दिवस आधी, संध्याकाळी पाचपर्यंत फॉर्म द्यावा. पण सोमवार ५ मेच्या माणसासाठी हा दिवस कोणता? शनिवार-रविवार सुट्टी, गुरुवारी १ मे, महाराष्ट्र दिन. मागे मोजत गेलं की शुक्रवार २ मे हा एक दिवस आणि बुधवार ३० एप्रिल हा दुसरा. बाराजणांनी आपापल्या बोटांवर हे मोजण्यापेक्षा यादीतच प्रत्येकाच्या नावापुढे चर्चेची तारीख आणि फॉर्मची तारीख, असे दोन रकाने द्यावेत. बुधवारच्या माणसाची फॉर्मची तारीख सोमवार ५ मे.

फॉर्म एका पानाचा पुरतो. वर्षाच्या सुरुवातीला ठरलेली कामं कोणती, त्यांचं काय झालं, कुठे अडलं, पुढच्या वर्षी काय हवं, एवढंच विचारायचं. फक्त ‘काय झालं’ या प्रश्नाला तिमाहीप्रमाणे चार चौकटी द्याव्यात. सलग मोकळी जागा दिली की माणूस जानेवारी ते मार्चबद्दलच लिहितो आणि पावसाळ्यात केलेलं काम त्याला स्वतःलाही आठवत नाही. साहेबांना तर नाहीच. ‘पुरवठादारांच्या खात्यांचं काम वेळेवर केलं’ या वाक्यावर चर्चा होऊ शकत नाही. ‘खात्यांचा ताळमेळ सप्टेंबरपर्यंत तिमाहीला व्हायचा, ऑक्टोबरपासून दरमहा होतो; न जुळणाऱ्या नोंदी ४० होत्या, मार्चअखेर ९ राहिल्या, त्यातल्या ६ एकाच पुरवठादाराच्या आहेत’ असं लिहिलं की विभागप्रमुख त्या एका पुरवठादाराबद्दल विचारणारच.

फॉर्ममध्ये पगारवाढीची चौकट नसावी, असं माझं ठाम मत आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत झालेल्या अभ्यासावर मेयर, के आणि फ्रेंच यांनी १९६५ साली लेख लिहिला होता. पगार आणि सुधारणा हे दोन्ही विषय एकाच बैठकीत आले की माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो आणि सुधारणेचं बोलणं कानावरून जातं, असं त्यांना दिसलं होतं. वाढीचं पत्र वेगळ्या दिवशी यावं आणि सूचनेत तसं स्पष्ट लिहावं.

सर्वांत जास्त घोळ होतो तो अदलाबदलीत. नेहमीचा नियम असतो, ‘वेळ बदलायची असल्यास एक दिवस आधी कळवावे.’ वाचायला रास्त वाटतो. टीडीएसच्या बाईंना बुधवार नको आहे. पुरवठादारांची बिलं बघणारा तरुण सोमवारची साडेदहाची वेळ द्यायला तयार आहे. शुक्रवारी २ मे रोजी दोघं तसं कळवतात. नियमाप्रमाणे सगळं ठीक. पण बाई आता सोमवारी येणार, आणि सोमवारच्या चर्चेचा फॉर्म ३० एप्रिललाच द्यायचा होता! त्या फॉर्मविना जातात, किंवा रविवारी रात्री घाईघाईत लिहून पाठवतात, आणि विभागप्रमुख तो समोर बसल्यावरच पहिल्यांदा वाचतात.

म्हणून सूचनेतलं वाक्य असं असावं: ‘दोघांच्या वेळांपैकी जी आधीची, तिच्या फॉर्मची मुदत तीच अदलाबदल कळवण्याची मुदत. फॉर्मची तारीख वेळेबरोबर बदलते, माणसाबरोबर राहत नाही.’ या नियमाने बाईंनी ३० एप्रिलच्या पाचच्या आत कळवायचं आणि तोवर स्वतःचा फॉर्मही द्यायचा. तरुणाला मात्र ५ मेपर्यंत सवड मिळाली. ३० तारीख उलटली असेल तर बाईंनी सोमवार मागू नये, गुरुवारचं कोणी तयार होतंय का ते बघावं. आजारपण किंवा घरची अडचण ही अदलाबदल नव्हेच. त्यासाठी शुक्रवारच्या दोन मोकळ्या वेळा आहेत. विभागप्रमुखांनाच अचानक बाहेर जावं लागलं तरी त्याच वापरायच्या, दुसऱ्या कोणाची वेळ सरकवायची नाही.

यादी एकाच माणसाने बदलावी आणि बाकीच्यांनी फक्त पाहावी. सामाईक शीटमध्ये सगळ्यांना बदल करता आले की दोघांची नावं एकाच खान्यात दिसतात आणि तिसऱ्याचं नाव गायब झालेलं असतं. आणखी एक कारण आहे, ते मला जास्त मोलाचं वाटतं. ‘अरे, जरा तुझी वेळ देतोस का?’ असं वरिष्ठाने विचारलं की नव्याने लागलेला मुलगा नाही म्हणू शकत नाही. विनंती यादी सांभाळणाऱ्याकडून गेली आणि नकाराला कारण द्यावं लागत नाही असं सूचनेतच छापलं, तर त्याला नाही म्हणता येतं. एका माणसाला एकदाच अदलाबदल, एवढंही लिहावं. नाहीतर आज घेतलेली वेळ उद्या तिसऱ्याला दिली जाते आणि साखळी सुटत नाही.

सूचनेत बहुधा राहून जाणारी गोष्ट म्हणजे चर्चेनंतर काय. सीमा सडक संघटनेतले अभियंता देव दत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं की सरकारी कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा, चांगला असला तरी, त्याला कळवला पाहिजे. त्यांना ‘चांगला’ शेरा मिळाला होता, बढतीला ‘अतिउत्तम’ लागत होता आणि हे त्यांना सांगितलंच गेलं नव्हतं. खासगी कंपनीला तो निकाल जसाच्या तसा लागू होत नाही. पण चर्चेनंतर तीन कामाच्या दिवसांत विभागप्रमुखांचं टिपण कर्मचाऱ्याला मिळेल आणि त्यावर स्वतःचं म्हणणं लिहायला त्याला आठवडा असेल, हे सूचनेत लिहायला दोन ओळी पुरतात. गुरुवार ८ मेच्या माणसाला ते टिपण मंगळवार १३ मेपर्यंत हातात पडायला हवं, आणि ती तारीख यादीतल्या तिसऱ्या रकान्यात आधीच छापलेली असावी.