परतीच्या तिकिटाआधी पॉलिसी

दुबईत पंधरा-वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला आरोग्यविमा सहसा स्वतः घ्यावा लागत नाही. तो कंपनी काढते. नोकरी संपून व्हिसा रद्द झाला की ते छत्रही जातं. मग रत्नागिरीला परतून, पंचावन्नाव्या वर्षी, भारतातली पहिली पॉलिसी घ्यायची वेळ येते. इथे तिकडच्या विम्याची वर्षं धरली जात नाहीत. प्रतीक्षाकाळातली सूट मिळते ती भारतातल्याच जुन्या पॉलिसीवर.

समजा, अशा एका गृहस्थांना सहा वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे आणि त्यांची पॉलिसी १ जून २०२५ला सुरू झाली. पहिले ३० दिवस फक्त अपघाताचा खर्च मिळेल. हर्निया, मोतीबिंदू, मूतखडा अशा ठरावीक आजारांसाठी बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं, म्हणजे जून २०२७पर्यंत. बीपी हा आधीपासूनचा आजार. त्यातून उद्भवलेल्या दुखण्याचा खर्च जून २०२८पर्यंत नाकारला जाऊ शकतो. या आजारांसाठीची कमाल मर्यादा पूर्वी चार वर्षं होती, एप्रिल २०२४पासून ती तीन झाली.

तीन वर्षं वाचवायला बीपी लपवावा, असं सुचवणारे एजंटही भेटतात. पण पक्षाघाताने दवाखान्यात नेलं की नातेवाईकच डॉक्टरांना सांगतात, ‘यांना सहा वर्षांपासून बीपी आहे.’ ते केसपेपरवर उतरतं आणि क्लेमसोबत कंपनीकडे जातं. मग क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. सलग पाच वर्षं हप्ते भरल्यावर माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम अडवता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर तेही संरक्षण नाही. उलट खरं सांगितलं, तर हप्ता थोडा वाढेल, पण तीन वर्षांनंतर तोच पक्षाघात पॉलिसीत बसेल. (काही कंपन्या प्रस्तावच नाकारतात, मग दुसरीकडे विचारावं, पण उत्तर बदलू नये.)

फॉर्ममधला प्रश्न नीट वाचावा. नियमानुसार आधीचा आजार म्हणजे पॉलिसीपूर्वीच्या तीन वर्षांत निदान किंवा उपचार झालेला. फॉर्म मात्र बऱ्याचदा ‘कधीही’ असं विचारतो. तेव्हा दहा वर्षांपूर्वी तिकडे झालेली अँजिओप्लास्टीही लिहावीच लागते. तिकडचे रिपोर्ट म्हणूनच सोबत आणावेत.

खरा शहाणपणा परतण्याआधीच पॉलिसी घेण्यात आहे. अनेक कंपन्या अनिवासी भारतीयांना पॉलिसी देतात. वैद्यकीय तपासण्या सुट्टीत आल्यावर होतात. उपचार बहुधा भारतातलेच मिळतात, पण घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू होतं. परतायच्या तीन वर्षं आधी घेतलेली पॉलिसी खंड न पडता चालू ठेवली, तर घरी पोचेपर्यंत प्रतीक्षा संपलेली असते.

पॉलिसी हाती आली की सोबतची फॉर्मची प्रत काढून बघा. एजंटने बीपीपुढे ‘नाही’ लिहिलं असेल, तर कंपनीला लगेच लेखी कळवा. पसंत नसेल तर ती परत करायलाही ३० दिवस मिळतात.