स्लॅम्स, प्रोब, अ‍ॅक्स्ड, बिड : इंग्रजी मथळा नेमकं काय सांगतो?

इंग्रजी बातमीचा मथळा वाचून आपण बातमी कळली असं समजतो आणि तो पुढे पाठवतो. पण मथळ्याची इंग्रजी ही वेगळीच बोली आहे. आज त्यातले चार शब्द पाहू. उदाहरण आपल्याच भागातलं, बदलापूरचं घेऊ.

आधी हे शब्द आले कुठून ते बघा. छापील पेपरात मथळ्याला स्तंभाच्या रुंदीएवढीच जागा मिळते. 'इन्व्हेस्टिगेशन' हा इंग्रजीत तेरा अक्षरांचा शब्द, 'प्रोब' पाच अक्षरांचा. 'क्रिटिसाइझेस'ला दहा अक्षरं लागतात, 'स्लॅम्स'ला पाच. म्हणून उपसंपादक आखूड शब्द उचलतो. आता बातमी पडद्यावर आली, जागेची तेवढी अडचण राहिली नाही, पण सवय राहिली. मात्र अक्षरं वाचवताना अर्थातला फरकही गळून पडतो.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, लोकल तासन्‌तास बंद राहिल्या. राज्य सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. 22 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेऊन सुनावणी केली. त्यानंतर 'हायकोर्ट स्लॅम्स पोलिस' या धर्तीचे मथळे आले.

'स्लॅम' म्हणजे धाडकन आपटणं. वाचणाऱ्याला वाटतं, पोलिसांवर कारवाई झाली! प्रत्यक्षात मथळ्यातल्या 'स्लॅम्स'चा अर्थ एवढाच, की कडक शब्दांत टीका केली. गुन्हा नोंदवायला उशीर का झाला, याबद्दल न्यायमूर्तींनी सुनावणीत तीव्र नाराजी व्यक्त केली. असे तोंडी ताशेरे वेगळे आणि लेखी आदेश वेगळा. पाळावा लागतो तो आदेश. म्हणून 'स्लॅम्स' दिसलं, की बातमीत खाली जाऊन 'डायरेक्टेड' किंवा 'ऑर्डर्ड' हे क्रियापद शोधायचं. त्याच्यापुढे जे लिहिलंय, तेवढंच न्यायालयानं करायला सांगितलेलं असतं.

आता 'प्रोब'. इथे आपली मराठी जास्त नेमकी आहे. आपल्याकडे दोन शब्द आहेत, तपास आणि चौकशी. गुन्ह्याचा तपास पोलिस करतात. ते पुरावे गोळा करतात आणि शेवटी न्यायालयात आरोपपत्र किंवा अंतिम अहवाल देतात. चौकशी दंडाधिकारी किंवा एखादी समिती करते आणि ती अहवालावर थांबते. इंग्रजी मथळ्यात दोन्हींना 'प्रोब'च म्हणतात.

बदलापूर प्रकरणात हा फरक किती मोठा ठरला बघा. 23 सप्टेंबर 2024 ला मुंब्रा बायपासजवळ, पोलिसांच्या ताब्यात असताना, आरोपी गोळी लागून मेला. कोठडीतल्या मृत्यूची दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी कायद्यानंच करावी लागते, तशी झाली. तिचा अहवाल जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयापुढे आला आणि त्यात पाच पोलिसांना मृत्यूला जबाबदार धरलं होतं. मथळ्यात हे 'प्रोब'चं फलित म्हणून वाचलं, तर पाच जणांवर खटला उभा राहिला असंच वाटेल. पण ती चौकशी होती. अहवालानं आपोआप गुन्हा नोंदवला जात नाही. गुन्हा नोंदवून विशेष पथकाकडून तपास करावा, असा आदेश उच्च न्यायालयाला 7 एप्रिल 2025 ला स्वतंत्रपणे द्यावा लागला. मधले जवळपास अडीच महिने 'प्रोब' या एका शब्दात दिसतच नाहीत.

म्हणून 'प्रोब' वाचताना विचारायचं : कोण करतंय, आणि शेवटी काय देणार, अहवाल की आरोपपत्र? 'सीक्स प्रोब' असेल तर कुणीतरी नुसती मागणी केलीय. 'ऑर्डर्स प्रोब' असेल तर आदेश निघालाय, काम सुरू झालंय की नाही ते बातमीत बघा.

उरलेले दोन शब्द सोपे आहेत. 'अ‍ॅक्स्ड' म्हणजे कुऱ्हाड चालवली. माणसाबाबत असेल तर पदावरून किंवा नोकरीवरून काढलं, योजनेबाबत असेल तर रद्द केली. पण आपल्याकडच्या पेपरांत झाडांबाबत तो अगदी शब्दशः येतो. म्हणजे कर्म पाहिल्याशिवाय अर्थ लावायचा नाही. आणि कर्ता? 'ट्रीज अ‍ॅक्स्ड'मध्ये तोडणारा कोण हे लिहिलेलंच नसतं. ते बातमीत शोधावं लागतं.

'बिड'चे अर्थ दोन. समजा, उल्हासनगर महापालिका रस्त्यासाठी 'इन्व्हाइट्स बिड्स', तर निविदा मागवल्या. पण महापालिकेची 'बिड टू क्लिअर हॉकर्स', तर तो नुसता प्रयत्न. निविदेचा संबंध नाही, आणि फेरीवाले हटले असंही नाही. 'बिड'नंतर 'टू' आला, की बहुतेक वेळा 'प्रयत्न' वाचा.

चारही शब्दांत एकच गोष्ट दिसते. शब्द जोरकस आहे, पण काम कुठवर आलंय ते तो सांगत नाही. मागणी, टीका, आदेश, चौकशी, तपास, खटला या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. मथळा पुढे पाठवण्याआधी बातमी यातल्या कुठल्या पायरीवर आहे, ते मराठीत एका वाक्यात सांगून बघा. सांगता आलं नाही, तर बातमी उघडायची. आज इथे थांबतो.