जुना अँप्लिफायर टीव्हीला जोडताना

गटाच्या बैठकीत आम्ही शेळीपालनाची फिल्म टीव्हीवर लावली, तर मागच्या रांगेतल्या बायकांना काहीच ऐकू येईना. एका ताईंच्या माळ्यावर टेपच्या काळातला अँप्लिफायर आणि दोन स्पीकर पडून होते. ते खाली काढले, पुसले आणि जोडायला बसलो.

आधी दोन्ही यंत्रं बंद केली आणि अँप्लिफायरचा आवाज शून्यावर आणला. टीव्हीच्या मागे 'ऑडिओ आउट' लिहिलेली लाल-पांढरी भोकं आहेत का, ते पाहिलं. शेजारी 'इन'चीही तशीच भोकं असतात. त्यात वायर घातली तर आवाज येणार नाही. आमच्या टीव्हीला 'आउट' नव्हतं, फक्त हेडफोनचं भोक होतं. मग एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना अशी वायर आणली. लाल-पांढऱ्या पिना अँप्लिफायरच्या 'ऑक्स'मध्ये घातल्या. 'फोनो' लिहिलेली जागा तबकडीच्या रेकॉर्ड प्लेअरसाठी असते, तिथे टीव्हीचा आवाज फाटतो.

आता आवाज कमीजास्त कुठून करायचा? लाल-पांढऱ्या 'आउट'मधून बहुधा ठरावीक जोराचाच आवाज बाहेर पडतो. तिथे रिमोट कितीही दाबा, फरक पडत नाही. अँप्लिफायरचं बटण फिरवावं लागतं. काही टीव्हींच्या मेन्यूत Fixed आणि Variable असे दोन पर्याय असतात. Variable निवडलं की रिमोट चालतो. हेडफोनच्या भोकातला आवाज मात्र साधारणपणे रिमोटनेच बदलतो. तिथे आम्ही टीव्हीचा आवाज पाऊण भागापर्यंत नेतो आणि बाकीचं अँप्लिफायरवर ठरवतो. टीव्ही फार कमी ठेवून अँप्लिफायर वाढवला, तर खरखरही वाढते.

सगळं जोडून चालू केलं, तर पूर्ण शांतता! टीव्हीचे स्पीकरही गप्प. एक मावशी म्हणाल्या, "झालं, टीव्ही बिघडवला!" पण हेडफोनची पिन घातली की बहुतेक टीव्हींचे आतले स्पीकर आपोआप बंद होतात, तो बिघाड नव्हे.

मग आम्ही टीव्हीतली पिन काढून मोबाइलमध्ये घातली आणि गाणं लावलं. मोबाइलचं गाणं ऐकू आलं असतं, तर वायर, अँप्लिफायर, स्पीकर ठीक आणि खोट टीव्हीच्या बाजूला, असं कळलं असतं. गाणंही आलं नाही, म्हणजे शोध अँप्लिफायरकडेच घ्यायचा. निवडीचं बटण 'ऑक्स'वर होतं. स्पीकरच्या वायरी घट्ट होत्या. शेवटी लक्ष गेलं 'टेप मॉनिटर'च्या बटणाकडे. ते दाबलेलं राहिलं होतं! ते दाबलेलं असलं की अँप्लिफायर फक्त टेपचं ऐकतो, आणि टेप तर जोडलेलाच नव्हता. बटण सोडलं आणि गाणं सुरू झालं.

तरी एकच स्पीकर वाजत होता. लाल आणि पांढरी पिन आपसात बदलली, तर गप्प स्पीकरही बदलला. म्हणजे स्पीकर चांगले होते, दोष अँप्लिफायरच्या आधी, वायरीच्या बाजूने येत होता. पिन पुन्हा पूर्ण आत दाबली, तेव्हा दोन्ही वाजले.

तुमच्या टीव्हीला यातलं एकही भोक नसेल आणि फक्त 'ऑप्टिकल' असेल, तर ही वायर चालणार नाही. मध्ये डिजिटलचं अॅनालॉग करणारी छोटी डबी लावावी लागते. ती लावल्यावर टीव्हीच्या मेन्यूत आवाजाचा प्रकार PCM ठेवा, नाहीतर पुन्हा शांतता.