फुगा का थांबला?

दिवाळीच्या सुट्टीत आठ वर्षांच्या भाचीला मी बाटलीवर फुगा फुगवून दाखविला. दुसऱ्या खेपेस तिने आपण होऊन सोडा दुप्पट घातला. फुगा मात्र पहिल्याएवढाच झाला. "मामा, असं का?" असे तिने विचारले, तेव्हा बी.एस्सी.ला कागदावर सोडविलेली गणिते मला आठवली.

प्रयोग साधा आहे, पण मोठ्या माणसाने जवळ बसावे. अर्धा लिटरच्या बाटलीत ५० मिलिलिटर व्हिनेगर ओता. कोरड्या कागदाच्या नरसाळ्याने फुग्यात एक सपाट लहान चमचा खाण्याचा सोडा भरा. तोंड बाटलीवर घट्ट बसवा, बाटली धरून ठेवा आणि फुगा उभा करा. बाटलीला बूच किंवा फिरकीचे झाकण कधीही लावू नका. वायूला वाट मिळाली नाही, तर बाटली फुटू शकते. व्हिनेगर डोळ्यात उडाल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवा. फुटक्या फुग्याचे तुकडे लहानांच्या तोंडात जाऊ देऊ नका. धुण्याचा सोडा घेऊ नका; तो कातडीला व डोळ्यांना झोंबतो. बेकिंग पावडरही चालणार नाही. शंका आल्यास चिमूटभर पाण्यात टाकून पाहावी: खाण्याचा सोडा नुसता विरघळतो, बेकिंग पावडर फसफसते, कारण तिच्यात आम्ल आधीच मिसळलेले असते.

व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल सोड्याशी संयोग पावते, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फुगा फुगतो. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल, तर ५० मिलिलिटरमध्ये आम्ल अडीच ग्रॅमच असते. तेवढ्याला साडेतीन ग्रॅम सोडा पुरतो. चमच्यात सुमारे साडेचार ग्रॅम मावतो, म्हणजे एका चमच्यातच आम्ल संपते. यापुढे घातलेला सोडा बसून राहतो. वायू जास्तीत जास्त लिटरभर मिळतो. थोडा पाण्यातच विरघळून राहतो. फुगा सोललेल्या नारळाएवढा होऊन थांबतो तो यामुळे. आपल्या पाठ्यपुस्तकातला 'लिमिटिंग रिएजंट' तो हाच. सोडा अर्धाच चमचा घातला, तर आम्ल उरते, सोडा संपतो आणि फुगा लहान राहतो.

मुलांना आणखी एक गोष्ट हाताने पाहू द्यावी. एवढा फेस पाहून बाटली तापली असेल असे वाटते. प्रत्यक्षात ती गार लागते. ही क्रिया होताना मिश्रणातली उष्णता खर्च होते.

भाचीला माझे उत्तर पटले नव्हते. तिने फुगा काढला, तळाशी पांढरा सोडा दिसला. मी तिला चमचाभर व्हिनेगर आणखी घालायला सांगितले. सोडा पुन्हा फसफसला.