उत्तर दिलं, पण आदेश कुठे आहे?

जीएसटीची ASMT-10 नोटीस आली की दुकानात धावपळ सुरू होते. विवरणपत्रांतली तफावत दाखवणाऱ्या या नोटिशीला साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. सीएकडे चकरा होतात, जुनी बिलं शोधली जातात, उत्तर एकदाचं जातं आणि मग महिनोन्महिने काहीच घडत नाही. साहेबांना पटलं असणार, असं समजून व्यापारी निर्धास्त होतो.

घात इथेच होतो. अधिकारी गप्प बसला म्हणजे उत्तर मान्य झालं, असं कायदा कुठेही म्हणत नाही. उत्तर पटलं तर तसं ASMT-12 या नमुन्यात कळवायचं, असं नियम ९९ सांगतो. ते मात्र किती दिवसांत, हे नियमात लिहिलेलं नाही. केंद्रीय अधिकाऱ्यांना २०२३ मधल्या सूचनेने उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांची मर्यादा घालून दिली आहे. तरीही कागद हाती पडेपर्यंत प्रकरण उघडंच असतं. दरम्यान अधिकाऱ्याची बदली होते आणि नव्या अधिकाऱ्यासमोर फक्त तफावतीचा आकडा येतो.

एक नमुन्याचं प्रकरण पाहू. समजा, सांगलीतल्या एका हार्डवेअर व्यापाऱ्याने मार्च २०२३ च्या GSTR-1 मध्ये दोन लाखांचं एकच बिल चुकून दोन वेगवेगळ्या क्रमांकांनी दाखवलं. कर १८ टक्के, म्हणजे ३६,००० रुपये जास्त दिसले. GSTR-3B मध्ये कर बरोबरच भरलेला होता आणि मे महिन्याच्या GSTR-1 मध्ये त्याने जादा नोंद शून्यावर आणली. दोन वर्षांनी त्या ३६,००० बद्दल नोटीस आली. त्याने उत्तर ईमेलने पाठवलं, एक प्रत कार्यालयातल्या टेबलावर ठेवली आणि घरी आला. आठ महिने झाले, पोहोच नाही आणि आदेशही नाही.

त्याने पहिल्यांदा पोर्टल उघडावं. Services > User Services > View Additional Notices/Orders इथे त्या प्रकरणाच्या पानावर नोटिसा, उत्तरं आणि आदेश वेगवेगळे दिसतात. पोर्टलवरून ASMT-11 भरलं असेल तर संदर्भ क्रमांक मिळालेला असतो आणि तीच पोहोच. उत्तरांच्या रकान्यात काहीच नसेल, तर पोर्टलच्या दृष्टीने त्याने उत्तरच दिलेलं नाही. आपल्या व्यापाऱ्याची गत हीच आहे. म्हणून तिथे उत्तराची सोय अजून खुली असेल तर ते आधी भरून टाकावं आणि मग स्मरणपत्र लिहावं.

स्मरणपत्र एका पानात बसतं. विषयातच जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, नोटिशीचा संदर्भ क्रमांक आणि तारीख हवी. त्याखालचा मजकूर असा:

“वरील नोटिशीस मी अमुक तारखेस ईमेलद्वारे व समक्ष उत्तर सादर केले आहे. त्याची पोहोच अथवा ASMT-12 मधील आदेश मला अद्याप मिळालेला नाही. उत्तराची पूर्ण प्रत, ईमेलची छापील प्रत व मे २०२३ च्या GSTR-1 मधील दुरुस्तीचे पान सोबत जोडले आहे. कृपया उत्तर अभिलेखावर घेऊन योग्य तो आदेश द्यावा. काही स्पष्टीकरण हवे असल्यास सुनावणीची तारीख कळवावी. प्रतिकूल निर्णय घेण्यापूर्वी सुनावणीची संधी मिळावी, ही विनंती.”

यातलं शेवटचं वाक्य गाळू नये. पुढे कारणे दाखवा नोटीस निघाली तर सुनावणीचा आधार कलम ७५(४) मध्ये आहे. “पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास माझे म्हणणे मान्य झाले असे समजेन,” हे वाक्य मात्र अनेकांच्या पत्रात दिसतं आणि ते पूर्ण निरुपयोगी आहे. कायद्याने न दिलेला अर्थ आपण पत्रातून देऊ शकत नाही. विलंबाबद्दल तक्रारीचा सूरही नको. नव्या अधिकाऱ्याने तो विलंब केलेलाच नसतो.

पत्राच्या दोन प्रती काढून आवक विभागात जावं आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. शिक्का देत नसतील तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती आणि पोहोचल्याची नोंद जपून ठेवावी. मागच्या वेळी टेबलावर ठेवलेल्या प्रतीला नेमका हाच आधार नव्हता.

हे पत्र दिल्याने ASMT-12 मिळेलच, अशी खात्री नाही. पण उद्या “उत्तर प्राप्त नाही” असं लिहून कराची मागणी निघाली, तर अपिलात दाखवायला शिक्क्याची प्रत हाती असते.

२०२२-२३ च्या वार्षिक विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२३ होती. कलम ७३ खालचा आदेश तिथून तीन वर्षांत आणि त्याची नोटीस आदेशाच्या मुदतीआधी किमान तीन महिने निघावी लागते. म्हणजे त्या वर्षासाठी नोटिशीची मुदत सप्टेंबर २०२६ अखेर संपते आणि मुदत जवळ आली की नोटिसा भराभर निघतात. त्या वर्षाचं उत्तर देऊन जे निर्धास्त बसले आहेत, त्यांनी पोर्टलवरचा आदेशांचा रकाना आजच पाहावा आणि तो रिकामा असेल तर या आठवड्यातच स्मरणपत्र द्यावं.